८.६ म्हणजे किती?

मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेची गुणपत्रिका हातात आली की विद्यार्थ्याची नजर आधी जाते ती सीजीपीएच्या आकड्यावर. ८.६ असेल तर तो ८.४ वाल्यापेक्षा सरस, ८.८ वाल्यापेक्षा थोडा मागे, असे सगळेच धरून चालतात. अंधेरीच्या भवन्समध्ये, मुलुंडच्या वझे-केळकरमध्ये, घाटकोपरच्या झुनझुनवालामध्ये किंवा बोरिवलीच्या गोखलेमध्ये शिकलेल्या मुलांचे पुढचे प्रवेश, शिष्यवृत्त्या आणि नोकरीच्या मुलाखतींच्या याद्या अशाच दशांशांवर ठरतात. या आकड्यामागचे गणित सोपे आहे. प्रत्येक विषयातल्या गुणांवरून एक अक्षर मिळते, त्या अक्षराला ठरलेला श्रेणीगुण असतो, त्याला विषयाच्या क्रेडिटने गुणायचे, सगळी बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे. बेरीज, गुणाकार, भागाकार यांत चूक काहीच नाही. घोटाळा त्याआधीच झालेला असतो, अक्षराच्या जागी आकडा बसतो त्या क्षणी. तो आकडा कुणी मोजलेला नसतो, ठरवलेला असतो. आणि ठरवलेल्या आकड्यांची सरासरी काढली, की तिच्यातून निघणाऱ्या निष्कर्षाचा काही भाग विद्यार्थ्याच्या अभ्यासातून येतो आणि काही भाग ठरवणाऱ्याच्या निर्णयातून. हे दोन भाग वेगळे कसे करायचे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हे तपासायला मुंबईइतके चांगले उदाहरण क्वचित मिळेल, कारण या विद्यापीठाने थोड्याच वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या मोजपट्ट्या वापरल्या. २०११-१२ मध्ये कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांत श्रेयांक आणि श्रेणी पद्धत आली, तेव्हा पट्टी सात गुणांची होती. ७० किंवा अधिक गुणांना ओ, म्हणजे ७. साठीत ए, म्हणजे ६. त्यानंतर पाच-पाच गुणांचे टप्पे: ५५ पासून बी म्हणजे ५, ५० पासून सी म्हणजे ४, ४५ पासून डी म्हणजे ३, ४० पासून ई म्हणजे २, आणि चाळिशीच्या खाली एफ म्हणजे १. पुढे २०१६-१७ पासून दहा गुणांची पट्टी लागू झाली. त्यात ८० किंवा अधिक गुणांना ओ म्हणजे १०, सत्तरीत ए+ म्हणजे ९, साठीत ए म्हणजे ८, ५५ पासून बी+ म्हणजे ७, ५० पासून बी म्हणजे ६, ४५ पासून सी म्हणजे ५, ४० पासून डी म्हणजे ४, आणि नापासाला एफ म्हणजे शून्य. विद्यापीठ तेच, महाविद्यालये तीच, शंभर गुणांचा विषयही तोच. बदलली ती अक्षरे आणि त्यांच्यापुढचे आकडे. त्यामुळे एकच गुणपत्रिका दोन्ही पट्ट्यांवर ठेवून काय होते ते पाहता येते.

हिशेब सोपा राहावा म्हणून समान क्रेडिटचे पाच विषय आणि दोन कल्पित विद्यार्थिनी घेऊ, एक अंधेरीची आणि एक मुलुंडची. अंधेरीच्या मुलीला गुण आहेत ८०, ८०, ६०, ६० आणि ६०. एकूण ३४०, म्हणजे ६८ टक्के. मुलुंडच्या मुलीला चार विषयांत प्रत्येकी ७९ आणि पाचव्यात ५९. एकूण ३७५, म्हणजे ७५ टक्के. जुन्या सात गुणांच्या पट्टीवर अंधेरीच्या मुलीला दोन ओ आणि तीन ए मिळतात, बेरीज ३२, सरासरी ६.४. मुलुंडच्या मुलीला चार ओ आणि एक बी, बेरीज ३३, सरासरी ६.६. म्हणजे मुलुंडची पुढे. आता तेच गुण दहाच्या पट्टीवर ठेवा. अंधेरीच्या मुलीला दोन ओ आणि तीन ए, बेरीज ४४, सरासरी ८.८. मुलुंडच्या मुलीला चार ए+ आणि एक बी+, बेरीज ४३, सरासरी ८.६. आता अंधेरीची पुढे. दोघींनी उत्तरपत्रिकेत लिहिलेले एक अक्षरही बदललेले नाही, परीक्षकाने दिलेला एक गुणही बदललेला नाही, आणि तरी क्रम उलटला. सात टक्क्यांनी मागे असलेली मुलगी अधिकृत आकड्यात पुढे गेली.

उदाहरण मुद्दाम काठावरच्या गुणांचे घेतले आहे हे खरे, पण क्रम उलटण्याची कारणे प्रत्येक गुणपत्रिकेत हजर असतात. पहिले कारण टप्प्यांच्या रुंदीत आहे. दहाच्या पट्टीवर ४५ पासून ६० पर्यंत चढायला पंधरा गुण लागतात आणि श्रेणीगुण तीनने वाढतो. ६० पासून ७५ पर्यंतही पंधराच गुण, पण तिथे श्रेणीगुण एकानेच वाढतो. ८० च्या पुढे वीस गुण मिळवले तरी काहीच वाढत नाही. आणि ३९ वरून ४० वर, एका गुणाने, श्रेणीगुण शून्यावरून चारवर उडी घेतो. अक्षरे एकापाठोपाठ एक येतात म्हणून त्यांच्यामधले अंतर सारखेच असेल असे आकड्यांवरून वाटते, आणि ते तसे नसते. अंधेरीहून बोरिवलीला जाताना लोकल किती स्थानके घेते हे मोजून अंतर कळत नाही, तसेच हे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये राम मंदिर हे नवे स्थानक सुरू झाले. बोरिवली पाचवे स्थानक होते ते सहावे झाले, रूळ मात्र एक मीटरनेही लांबले नाहीत. दहाच्या पट्टीत ओ आणि ए यांच्या मध्ये ए+ आले तेव्हाही मोजणी बदलली, अभ्यासातले अंतर बदलले नाही. फरक एवढाच, की स्थानकांच्या संख्येवरून कुणी किलोमीटर काढत नाही. श्रेणीगुणांवरून मात्र दोन दशांशांपर्यंत गुणवत्ता काढली जाते.

दुसरे कारण अधिक खोलातले आहे, आणि ते टप्प्यांची रुंदी सारखी केली तरी उरते. वरच्या दोघींची फक्त अक्षरे घ्या, मूळ गुण विसरून जा. एकीकडे ओ, ओ, ए, ए, ए. दुसरीकडे ए+, ए+, ए+, ए+, बी+. ए+ ला ९ दिले तर पहिली ४४ विरुद्ध ४३ अशी पुढे जाते. ए+ ला ९.५ दिले आणि बाकी काहीही बदलले नाही, तर दुसरी ४५ विरुद्ध ४४ अशी पुढे जाते. दोन्ही आकडे अक्षरांचा क्रम पाळतात. ए+ हे ए च्या वर आणि ओ च्या खाली, एवढेच अक्षराने सांगितले होते. ९ बरोबर की ९.५ बरोबर, याचे उत्तर अक्षराकडे नाही. १९४६ साली 'सायन्स' या नियतकालिकात एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोजमापांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात हाच भेद केला होता. काही मापे केवळ क्रम सांगतात, काही मापांत दोन खुणांमधले अंतरही अर्थपूर्ण असते. सरासरीला अंतरे लागतात. अक्षरश्रेणी क्रम सांगून थांबते. मधली अंतरे आपण बाहेरून भरतो, आणि मग ती आपणच भरली होती हे विसरतो.

श्रेणीचे टक्क्यांत रूपांतर करताना हे विसरणे फार महागात पडते. सीबीएसईने २००९-१० पासून काही वर्षे दहावीला श्रेणी दिल्या आणि सीजीपीएला ९.५ ने गुणून अंदाजे टक्के काढण्याची रीत सांगितली. सीबीएसईच्या टप्प्यांसाठी ती चालून गेली, कारण ते टप्पे दहा-दहा गुणांचे होते: ९ श्रेणीगुण म्हणजे ८१ ते ९०, आणि ९ गुणिले ९.५ म्हणजे ८५.५, अगदी मध्यावर. पण हा ९.५ लोकांच्या तोंडात बसला आणि जिथे त्याचा संबंध नाही तिथेही वापरला जाऊ लागला. मुंबईच्या दहाच्या पट्टीवर तो लावून पाहा. ए+ म्हणजे ९, त्याचे ८५.५ टक्के होतात. प्रत्यक्षात ए+ मिळालेल्या मुलाचे गुण सत्तरीत असतात. बी म्हणजे ६, त्याचे ५७ होतात. प्रत्यक्षात ते ५० ते ५५ मध्ये असतात. आणि डी म्हणजे ४, त्याचे ३८ होतात. म्हणजे जो विद्यार्थी ४० च्या वर गुण मिळवून पास झाला, त्याला हा गुणाकार नापास ठरवतो. एकच गुणक वरच्या मुलांना फुगवतो आणि खालच्यांना पाडतो. टप्प्यांची रुंदी सारखी नसेल तर कोणताही एकच गुणक हे टाळू शकत नाही.

एका विद्यार्थ्याकडून आता पूर्ण वर्गाकडे येऊ, कारण सरासरी खरा धुमाकूळ घालते ती विभागाच्या अहवालांत. 'या तुकडीची सरासरी श्रेणी ६.९, त्या तुकडीची ६.७३' अशी वाक्ये लिहिली जातात आणि त्यावरून शिकवण्याचा कस ठरवला जातो. साठ-साठ मुलांच्या दोन तुकड्यांचा एका विषयाचा निकाल असा आहे असे समजा. हेही आकडे हिशेबासाठी रचलेले आहेत.

| श्रेणी | श्रेणीगुण | तुकडी अ | तुकडी ब |
|---|---|---|---|
| ओ | १० | ४ | ९ |
| ए+ | ९ | ८ | १० |
| ए | ८ | १४ | १२ |
| बी+ | ७ | १२ | ८ |
| बी | ६ | १० | ६ |
| सी | ५ | ६ | ४ |
| डी | ४ | ४ | ४ |
| एफ | ० | २ | ७ |

अ तुकडीच्या श्रेणीगुणांची बेरीज ४१४, सरासरी ६.९. ब तुकडीची बेरीज ४०४, सरासरी ६.७३. निकाल: अ पुढे. पण एफ ला शून्य का? डी ला ४, सी ला ५, बी ला ६ अशी एकेकाची पायरी आहे, तर एफ ला ३ का नको? जुन्या सातच्या पट्टीत एफ हे त्याच्या वरच्या श्रेणीच्या अगदी एका पायरीखाली होते. इथेही तसेच केले तर अ तुकडीची सरासरी बरोबर ७ होते आणि ब तुकडीची ७.०८. निकाल: ब पुढे. शून्य देण्यामागे विद्यापीठाचा विचार समजण्यासारखा आहे. नापास विषयाने क्रेडिट मिळत नाही, एटीकेटी लागते, म्हणून त्याचे मोल शून्य. हा नियम म्हणून ठीक. मात्र त्या शून्यावरून 'अ तुकडीला विषय अधिक समजला' असे म्हणणे ही वेगळीच गोष्ट आहे. नापास होण्याची शिक्षा किती जड असावी, या प्रशासकीय निर्णयाने शिकवण्याबद्दलचा निष्कर्ष ठरवून टाकला.

इथे एक प्रश्न रास्तपणे पुढे येतो. आकडे कुणीतरी ठरवलेले असतात हे मान्य, पण मग अक्षरांवरून कोणतीच तुलना करायची नाही का? करता येते, आणि ती केव्हा करता येते हे ओळखण्याची एक नेमकी कसोटी आहे. प्रत्येक श्रेणीपाशी थांबायचे आणि विचारायचे: 'ही श्रेणी किंवा हिच्याहून वरची श्रेणी किती मुलांना मिळाली?' वरच्या कोष्टकातून हे काढू. ओ: अ मध्ये ४, ब मध्ये ९. ए+ किंवा वर: १२ आणि १९. ए किंवा वर: २६ आणि ३१. बी+ किंवा वर: ३८ आणि ३९. इथपर्यंत प्रत्येक ठिकाणी ब पुढे. आता पारडे फिरते. बी किंवा वर: ४८ आणि ४५. सी किंवा वर: ५४ आणि ४९. पास: ५८ आणि ५३. इथे प्रत्येक ठिकाणी अ पुढे. एक तुकडी सगळ्याच पायऱ्यांवर पुढे किंवा निदान बरोबरीने असेल, तर अक्षरांना क्रम पाळणारे कोणतेही आकडे द्या, तिची सरासरी कमी येऊच शकत नाही. हे गणिताने सिद्ध होते. पण मध्येच पारडे फिरले, तर एका तुकडीला जिंकवणारे आकडे असतात तसेच दुसरीला जिंकवणारेही असतात. अशा वेळी 'कोण पुढे' याचे उत्तर निकालात नसते, आकडे निवडणाऱ्याच्या हातात असते.

ही कसोटी एका विद्यार्थ्यालाही लागू पडते. क्रेडिट समान असतील तर दोघांच्या श्रेणी उतरत्या क्रमात लावायच्या आणि पहिलीशी पहिली, दुसरीशी दुसरी अशी जोडी लावायची. अंधेरी आणि मुलुंडच्या मुलींच्या बाबतीत पहिल्या दोन जोड्यांत ओ हे ए+ च्या वर आहे, पुढच्या दोन जोड्यांत ए हे ए+ च्या खाली, आणि शेवटच्या जोडीत ए हे बी+ च्या वर. जोड्या दोन्ही बाजूंना झुकतात, म्हणजे अक्षरांवरून या दोघींचा क्रम लागतच नाही, आणि ८.८ विरुद्ध ८.६ हा फरक पट्टीने निर्माण केलेला आहे. क्रेडिट वेगवेगळी असतील तर जास्त क्रेडिटच्या विषयाची श्रेणी तितक्या वेळा मोजायची. बाकी रीत तीच. कागदावर पाच मिनिटांत होणारे हे काम आहे.

कसोटी पास झाली तरी एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. ब तुकडीसाठी पुढच्या सत्रात जादा तास घेतले आणि नापास सातांपैकी चार मुले डी मध्ये आली, बाकी सगळे जसेच्या तसे राहिले, असे समजा. आता पास होणारे ५३ चे ५७ झाले आणि इतर कोणतीही पायरी खाली आली नाही. म्हणजे सुधारणा झाली हे निर्विवाद, आकडे कोणतेही घ्या. पण किती झाली? एफ ला शून्य धरले तर सरासरी ०.२७ ने वाढते. ३ धरले तर ०.०७ ने, म्हणजे जवळपास एक चतुर्थांश. अक्षरे दिशा सांगू शकतात, मात्रा सांगू शकत नाहीत. म्हणून 'सरासरी ०.२७ ने सुधारली' यापेक्षा 'साठातले चार जण नापासातून पासात आले' हे वाक्य जास्त खरे आहे आणि शिक्षकालाही जास्त उपयोगाचे. शिवाय सरासरीवर नजर ठेवणाऱ्या विभागाला चुकीचे आमिष मिळते. दहाच्या पट्टीवर ३९ चे ४० केले तर चार श्रेणीगुण हाती येतात, आणि ६० गुणांच्या मुलाला ६९ पर्यंत नेले तर काहीच येत नाही. दुसऱ्या कामात शिकवण्याचे श्रम कितीतरी अधिक आहेत, आणि सरासरीच्या लेखी ते झालेच नाहीत.

मग सरासरीच्या जागी काय ठेवायचे? सर्वांत सुरक्षित उपाय सर्वांत जुना आहे: मूळ गुण हाताशी असतील तर हिशेब गुणांवर करावा आणि अक्षर शेवटी द्यावे. राज्याच्या शाळांत पहिली ते आठवीला २०१० पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे गुण आधी एकत्र केले जातात आणि त्या एकत्रित गुणांवरून अ-१, अ-२, ब-१ अशी श्रेणी ठरते. विषयाच्या आत तरी हा क्रम योग्य आहे. सीजीपीए याच्या उलट चालतो: आधी प्रत्येक विषयात गुणांचे अक्षर, मग अक्षराचा आकडा, मग आकड्यांची सरासरी. ७९ आणि ७० यांतला फरक पहिल्याच पायरीवर पुसला जातो, ७९ आणि ८० यांतला फरक फुगतो, आणि नंतर कितीही दशांश काढले तरी पुसलेले परत येत नाही.

गुण मिळण्यासारखे नसतील, हाती अक्षरेच असतील, तर पूर्ण वाटणी द्यावी, वर केली तशी पायरीपायरीने. एकच शब्द हवा असेल तर मध्यक द्यावा, जो दहावीपर्यंतच्या गणितात सगळ्यांनी शिकलेला असतो. सगळ्या श्रेणी ओळीत लावल्या की मधोमध येणारी श्रेणी म्हणजे मध्यक. त्याला अंतरे लागत नाहीत, क्रम पुरतो, त्यामुळे आकडे बदलले तरी तो हलत नाही. अ तुकडीत तिसाव्या आणि एकतिसाव्या क्रमांकावर बी+ येते, ब तुकडीत ए. म्हणजे मधल्या विद्यार्थ्याकडे पाहिले तर ब तुकडी पुढे, शून्य धरून काढलेल्या सरासरीच्या अगदी उलट. पण मध्यकही एकटा सोडू नये. ब तुकडीतली सात नापास मुले त्याला दिसत नाहीत. सातांच्या जागी सतरा असती आणि ती मधल्याच्या खालच्या मुलांतूनच आली असती, तरी तो हलला नसता. म्हणून मध्यकाशेजारी पास झालेल्यांचा वाटा लिहावा. 'मध्यक ए, साठात त्रेपन्न पास' या एका ओळीत ६.७३ पेक्षा कितीतरी अधिक कळते. आणि संशोधन करणाऱ्यांसाठी श्रेणीबद्ध माहितीची स्वतंत्र साधने आहेत. पीटर मॅक्युला यांनी १९८० मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या कुळातल्या प्रतिमानांत अक्षरांमधली अंतरे आधीच समान धरली जात नाहीत, श्रेणींच्या सीमा कुठे पडतात ते माहितीवरूनच अजमावले जाते.

यावर येणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की आकडे कुठून आले याच्याशी गणिताला देणेघेणे नसते. कोणत्याही आकड्यांची सरासरी काढता येते. १९५३ साली फ्रेडरिक लॉर्ड या संख्याशास्त्रज्ञाने फुटबॉलच्या जर्सीवरच्या क्रमांकांची गोष्ट रचून हाच मुद्दा स्टीव्हन्सच्या विरोधात मांडला होता. तो अर्धा बरोबर आहे. क्रमांकांची सरासरी काढता येते, आणि क्रमांकांबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळते. '२०१६ च्या नियमाने कोणाचा सीजीपीए जास्त' हा क्रमांकांबद्दलचा प्रश्न आहे आणि ८.८ हे त्याचे अचूक उत्तर आहे. 'कोणाला विषय अधिक आला' हा क्रमांकांबद्दलचा प्रश्न नाही. सरासरी काढण्यात पाप नाही. तिच्याकडून पहिल्या प्रश्नाचे उत्तर घेऊन ते दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिणे ही चूक आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. सहा सत्रांत तीसेक विषय होतात, काठावरच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, आणि शेवटी चांगला सीजीपीए असणाऱ्याचे टक्केही बहुधा चांगलेच असतात. बहुधा असतात, हे मान्य. ९.२ आणि ६.१ यांच्यात कोण पुढे याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तिथे वरची जोड्यांची कसोटीही सहसा पास होईल. पण कट-ऑफ लागतो तो ९.२ आणि ६.१ यांच्यात नव्हे, ८.६ आणि ८.७ यांच्यात, आणि नेमक्या त्याच जागी हा भरवसा तुटतो. शिवाय टप्पे एकाच बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद असतील तर चूक प्रत्येक विषयात त्याच दिशेने होते, आणि एकाच दिशेच्या चुका सरासरीत मिटत नाहीत. टॉरिन लिडेल आणि जॉन क्रुश्के यांनी २०१८ मध्ये श्रेणीबद्ध माहितीवर साधी सरासरीची रीत लावून दाखवून दिले, की नसलेला फरक दिसतो, असलेला लपतो, कधी दिशाही उलटते, आणि अनेक प्रश्नांची उत्तरे एकत्र केल्यानेही ही अडचण आपोआप सुटत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: गुण तरी कुठे खरी मोजपट्टी आहेत? ३५ चे ४० करणे आणि ९० चे ९५ करणे सारखेच आहे का? नाही. परीक्षकांमधला फरक, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी, ग्रेस गुण हे सगळे गुणांतही आहेच. म्हणून गुणांना पवित्र मानण्याचे कारण नाही. मात्र गुणांत असलेला गोंधळ अक्षर दिल्याने कमी होत नाही. तो तसाच राहतो आणि त्यावर टप्प्यांचा गोंधळ चढतो. याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी, की श्रेणी आणल्या त्याच एकेका गुणासाठीची जीवघेणी चढाओढ थांबवण्यासाठी, मग पुन्हा गुणांकडे का जायचे? हेतू योग्य होता. ७८ आणि ७९ यांत भेद करण्याइतकी परीक्षा अचूक नसते, म्हणून दोघांना एकच अक्षर द्यावे, हे प्रामाणिक आहे. पण मग त्याच अक्षरांतून ८.६४ काढून ८.६६ शी तुलना करणे हा त्या प्रामाणिकपणाचा भंग आहे. दारातून बाहेर काढलेली चढाओढ दशांशाच्या खिडकीतून परत येते, आणि आता तिच्याखाली गुणांइतकाही आधार नसतो.

उरतो तो गरजेचा प्रश्न. शंभर अर्ज आणि वीस जागा असतील तर कुठेतरी ओळ आखावीच लागते. आखावी, पण नियम म्हणून आखावी आणि तशीच जाहीर करावी. गुण उपलब्ध असतील तर गुणांवर आखावी. अक्षरांवरच आखायची असेल तर अट अक्षरांत सांगता येते: सगळ्या विषयांत निदान बी आणि मुख्य विषयात निदान ए. अशी अट कोणत्याही आकड्यावर अवलंबून नसते आणि ती पूर्ण करायला काय करावे हे विद्यार्थ्याला आधीच कळते. सीजीपीएच वापरायचा असेल तर ओळीच्या जवळपासच्या अर्जांवर जोड्यांची कसोटी लावावी. ज्यांचा क्रम अक्षरांवरून लागत नाही त्यांना बरोबरीचे मानून मुलाखत किंवा प्रवेश परीक्षा अशा वेगळ्या, आधी जाहीर केलेल्या निकषावर निवडावे. दोन पट्ट्यांवर शिकलेल्या वर्षांचे किंवा दोन विद्यापीठांचे सीजीपीए एका यादीत कधीच मिसळू नयेत. आणि विभागाच्या अहवालात सरासरीचा रकाना ठेवायचाच असेल, तर त्याशेजारी एफ चा आकडा बदलून काढलेली दुसरी सरासरी छापावी. दोन्ही रकान्यांत एकच तुकडी पुढे असेल, तर पायऱ्यांची कसोटी लावून खात्री करावी. दोन रकान्यांत दोन वेगळ्या तुकड्या पुढे असतील, तर कोणतीच पुढे नाही असे लिहावे, कारण त्या माहितीतून तेवढेच निघते.